शिफारसपत्र : पद – व्यावसायिक तक्रारदार (मसुदा तपासून हवाय)

नदीकाठचा

मंडळी, आमचा कॉलेजपासूनचा एक मित्र पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. इथे त्याला आप्पा म्हणू. आता पुढे काय करणार, असं त्याला जो तो विचारतो. कट्ट्यावरच्या आम्हा सगळ्यांना उत्तर ठाऊक आहे: इतकी वर्षं नोकरी सांभाळून जे केलं तेच आता पूर्णवेळ. म्हणजे तक्रारी. निरोपाच्या जेवणात त्याला एक शिफारसपत्र वाचून दाखवायचं ठरलंय, अगदी सरकारी थाटातलं. मसुदा मी केलाय, पण कुठेतरी पाणी मुरतंय. कट्ट्यावर वाचला तर दोघे हसले आणि तिसरा म्हणाला, "फॉरवर्ड आलेलं दिसतंय." ते फार लागलं. खाली देतो, बिनधास्त चिरफाड करा.

> प्रति,
> मा. अध्यक्ष, निवड समिती
>
> विषय :- श्री. आप्पा यांची व्यावसायिक तक्रारदार या पदाकरिता शिफारस करणेबाबत.
> संदर्भ :- १) आपली जाहिरात. २) सदर जाहिरातीतील शुद्धलेखनाबाबत श्री. आप्पा यांची तक्रार.
>
> महोदय,
>
> उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, श्री. आप्पा यांना मी महाविद्यालयीन काळापासून ओळखतो. या काळात त्यांनी खाणावळीतील आमटी, शेजाऱ्यांचा कुकर, गल्लीतील गतिरोधकाची उंची आणि माझ्या विवाहातील जिलबी यांविषयी लेखी तक्रारी केल्या असून, पैकी जिलबीची तक्रार अद्याप प्रलंबित आहे.
>
> श्री. आप्पा हे अत्यंत चिकट, भयंकर किरकिरे आणि जगावेगळे गृहस्थ आहेत (हे वाक्य त्यांना दाखवू नये!). एकदा त्यांनी एका मिठाईवाल्याला बर्फीच्या पेटीवरून असे काही छळले की तो बिचारा दुकान विकून काशीला जायच्या बेतात होता!!
>
> माहिती अधिकाराच्या अर्जास आपल्या राज्यात १५० शब्दांची मर्यादा आहे. श्री. आप्पा त्या मर्यादेत लिहू शकतात. घरी बोलताना सदर मर्यादा लागू होत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.
>
> त्यांच्या अंगी एकच उणीव आढळते. मागे एका प्लंबरने सांगितलेल्या वेळी येऊन, काम नीट करून, वाजवी पैसे घेतले. त्या दिवशी श्री. आप्पा संध्याकाळपर्यंत अस्वस्थ होते. तथापि दुसऱ्या दिवशी त्यांची प्रकृती पूर्ववत झाली.
>
> सबब, त्यांची सदर पदाकरिता शिफारस करण्यात येत आहे. आपण त्यांना रुजू करून घेतल्यास आम्हा सर्वांस अतिशय आनंद होईल.
>
> आपला विश्वासू,
> (सही)
>
> प्रत :- श्री. आप्पा यांना माहितीसाठी व मजकुरातील चुका कळविण्यासाठी.

टिळकरोडवासी

जिलबी प्रलंबित!! इथेच बसलो. बाकी वाचतोय.

आवकजावक

जिल्हा पातळीवरच्या एका कार्यालयात टेबलं बदलत हयात गेली, त्यामुळे अधिकाराने बोलतो. जिलबी, प्लंबर आणि शेवटचा 'अतिशय आनंद' या तीन जागा उत्तम. दुसरा परिच्छेद मात्र फाडून टाका. तिथेच तुमचं पाणी मुरतंय.

कारण सांगतो. सरकारी पत्र कधी हसत नाही, कधी चिडत नाही आणि त्याला उद्गारचिन्ह माहीतच नसतं. 'भयंकर किरकिरे' म्हणताक्षणी पत्र लिहिणारा कागदाआडून डोकावला. कंसात 'दाखवू नये' म्हणालात तेव्हा तर त्याने डोळाच मारला. तुमची जिलबी चालते, कारण ती आमटी-कुकरच्या रांगेत गुपचूप उभी आहे आणि 'प्रलंबित' हा शब्द तिथे जसा असायला हवा तसाच आहे. काशीचं कोणीही लिहील. ते घडलेलं नाही, आणि ते ऐकणाऱ्याला कळतं.

तेव्हा मला सांगा, बर्फीच्या पेटीचं खरं काय झालं होतं? दर काय, वजन किती, कोण काय म्हणालं? आठवेल तेवढं लिहा. मग परिच्छेद बनवू.

आणखी एक. संदर्भाला क्रमांक आणि दिनांक हवा. नुसतं 'आपली जाहिरात' लिहिलेलं पत्र आमच्याकडे आवक टेबलावरूनच परत फिरलं असतं. आप्पांकडे जुन्या अर्जांच्या पोच असतील ना? त्यातलाच एखादा खरा आवक क्रमांक टाका. ऐकताना आप्पा ओळखतील.

घासून_पुसून

बर्फीचं मी सांगतो. पेटीसकट वजन करायला कायद्याने बंदी वगैरे काही नाही, सगळीकडे तसंच चालतं. दुकानात पाटी लावली असेल तर गिऱ्हाइकाला बोलायचा हक्कच नाही. फार तर आप्पांनी माहिती अधिकारात दुकानदाराला विचारावं, की पेटीचे पैसे का घेता. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. ते पत्रात घाला, वजन येईल.

आवकजावक

घासून_पुसून, ३० दिवस बरोबर, बाकी घोळ आहे.

मिठाईचं वजन पेटी वगळूनच व्हायला हवं. पाटी लावल्याने त्यात फरक पडत नाही. आणि 'सगळीकडे तसंच चालतं' हे तर तक्रार करण्याचं कारण झालं, न करण्याचं नव्हे. हे काम बघणारं खातं वेगळं आहे, वैधमापन शास्त्र. त्यांचे निरीक्षक दुकानातले काटे तपासतात, त्यावर मुद्रांकन करतात, आणि तशी तक्रारही घेतात.

माहितीचा अधिकार खाजगी दुकानाला लागत नाही. तो सार्वजनिक प्राधिकरणापुरता. शिवाय त्या अर्जात 'का' विचारून भागत नाही. कार्यालयाकडे जी नोंद कागदावर आहे ती मागायची असते. 'रस्ता का खोदला' असं विचारलंत तर 'माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं आणि ते नियमाने बरोबर असतं. 'खोदाईच्या परवानगीची प्रत द्यावी' म्हणालात तर परवानगी तरी येते, नाहीतर परवानगीच नव्हती हे तरी कळतं. मुरलेला तक्रारदार इथे ओळखू येतो. आप्पा कुठल्या प्रकारातले?

नदीकाठचा

दुसऱ्या. आप्पा 'का' फक्त घरच्यांना विचारतो.

बर्फीचं सांगतो, मी सोबतच होतो. पेठेतलं एक दुकान, नाव नको. आंबा बर्फी पाव किलो, दर ९०० रुपये किलो. पोऱ्याने पेटी काट्यावर ठेवली, त्यात बर्फी रचली, २५० आकडा दिसला तशी दोरी बांधायला घेतली. आप्पा म्हणाला, "रिकामी पेटी ठेव जरा." पोऱ्याने मालकाकडे बघितलं. मालक म्हणाला, "काका, पेटी काय खायची आहे का?" आप्पा म्हणाला, "तेच विचारतोय." पेटी भरली ४० ग्रॅम. मागे रांग लागली होती. एक बाई म्हणाल्या, "अहो, चाळीस ग्रॅमसाठी काय!" आप्पाने तिथल्या तिथे त्यांना हिशेब करून दिला, तेव्हा त्याही थांबल्या आणि आपली काजूकतली परत मोजायला लावली.

मग त्याने बिल मागितलं. बिल नाही म्हणाले. तो बिल मिळेपर्यंत उभा राहिला. आवाज एकदाही चढवला नाही, आणि खरं सांगायचं तर दुकानदाराला त्याचाच जास्त त्रास झाला. घरी येऊन अर्ज लिहिला: तारीख, वेळ, दर, दोन्ही वजनं, बिलाची प्रत आणि शेवटी एकच मागणी, की पेटी वगळून वजन करण्याची समज द्यावी. दंड, भरपाई काही नाही. पुढे निरीक्षक येऊन गेले. काट्याचं मुद्रांकन व्यवस्थित होतं, काटा चोख होता. चूक वापरण्यात होती. आता तिथे आधी रिकामी पेटी ठेवून काटा शून्य करतात. पेटी उचलली की काट्यावर उणे चाळीस दिसतं. आप्पा ते बघायला मुद्दाम गेला, समाधान झाल्याचं मालकाला सांगितलं, आणि बर्फी पूर्वीपेक्षा गोड झाली असल्याचंही सांगून आला.

कोथरूडकरीण

अहो, हे सगळं सोडून तुम्ही काशी कुठून काढलीत!

मी मनुष्यबळ विभागात आहे, शिफारसपत्रं वाचणं हा पोटापाण्याचा भाग. हल्ली कंपन्या जपूनच लिहितात, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत या हुद्द्यावर होते, एवढंच. पण जुन्या धाटणीचं लांब पत्र आलं तर आम्ही आधी बघतो की पहिलं कौतुक कशाचं आहे. 'वेळेवर येतात' हे पहिलं असेल तर पुढे सांगण्यासारखं काही नाही. 'स्वतंत्र विचारांचे आहेत' म्हणजे ऐकत नाहीत. 'बारकाईने काम करतात' म्हणजे काम संपत नाही. 'आपण घेतल्यास आम्हास आनंद होईल' म्हणजे घेऊन जा एकदाचे.

ही भाषा तुम्हाला आयतीच आहे. 'किरकिरे' काढा आणि 'बारकाईने लक्ष देतात' टाका. ज्यांना आप्पा माहीत आहेत ते तिथेच फुटतील. आणि उणिवेचा परिच्छेद शेवटून दुसराच राहू द्या, खऱ्या पत्रातही तो तिथेच लपवलेला असतो.

पर्वतीपायथा

नमस्कार. ही भरती कुठल्या कार्यालयात निघाली आहे? जाहिरातीची लिंक मिळेल का? माझे मेहुणे या कामात फार हुशार आहेत पण सध्या घरीच असतात. तसेच आमच्या सोसायटीचे चेअरमन वर्ष झाले तरी सभेचे इतिवृत्त दाखवत नाहीत, तोंडी विचारले की "बघू" म्हणतात. त्याबद्दलही हेच पद तक्रार घेते का?

टिळकरोडवासी

पर्वतीपायथा 🙏🙏

आवकजावक

पर्वतीपायथा, भरती नाही, गंमत आहे. पण इतिवृत्ताचं सांगतो. तोंडी विचारणं बंद करा. सहकारी संस्था अधिनियमाखाली सभासदाला सभांची इतिवृत्तं पाहायचा हक्क आहे. सचिवांच्या नावे अर्ज द्या, दोन प्रती न्या, एकीवर सही-तारखेची पोच घ्या. सही देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. 'बघू' ला तारीख नसते, पोचेला असते. पुढचं उपनिबंधकांकडे, पण बरेचदा पोच मागितली की इतिवृत्त सापडतं. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहीन.

आता बर्फी. नदीकाठचा, तुमच्याच माहितीवरून केलं आहे:

> श्री. आप्पा हे बारकाईने लक्ष देतात. शहराच्या मध्यवर्ती भागातील एका दुकानातून त्यांनी पाव किलो आंबा बर्फी, दर किलोस ९०० रुपये, खरेदी केली. वजन पेटीसह करण्यात येत असल्याचे निदर्शनास आल्यावरून त्यांनी रिकाम्या पेटीचे वजन करण्याची विनंती केली असता ते ४० ग्रॅम भरले. सबब, प्रत्यक्षात २१० ग्रॅम बर्फी व ४० ग्रॅम पुठ्ठा प्राप्त झाला असून, पुठ्ठ्यापोटी ३६ रुपये आकारण्यात आल्याचे दिसून येते. सदर पुठ्ठा खाण्यायोग्य आहे किंवा कसे, याबाबत दुकानदारांनीच प्रश्न उपस्थित केला असून, त्याबाबत श्री. आप्पा यांचे दुकानदारांशी एकमत आहे. सद्यःस्थितीत उक्त दुकानी पुठ्ठ्याची विक्री बंद झाली आहे.

यात एकही विशेषण आप्पांची खोड काढत नाही. आकडे बोलतात. वाचताना मात्र गंभीर राहायचं, 'किंवा कसे' ला थांबायचं नाही. तुम्ही थांबलात की लोकांना कळतं की इथे हसायचं होतं.

उत्खनन

विषयाला धरून एक: या पदावरचा सगळ्यात जुना उमेदवार सापडलेला आहे. इसवी सन पूर्व १७५० च्या आसपास, नन्नी नावाच्या माणसाने मेसोपोटेमियातल्या उर शहरातल्या एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला लिहिलेली तक्रार. मातीच्या पाटीवर, कीलाक्षरात. ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवली आहे. दिलेलं तांबं हलक्या दर्जाचं होतं आणि आपण पाठवलेल्या माणसाला उद्धटपणे परत पाठवलं, असं त्याचं म्हणणं. यापुढे मी माझ्या अंगणात स्वतः निवडून तांबं घेईन, असंही बजावलं आहे.

पत्रात 'पूर्वपीठिका' म्हणून घालता येईल.

आवकजावक

सुंदर. पण एका अर्जात दोन विषय आहेत, मालाचा दर्जा आणि कर्मचाऱ्याचं वर्तन. आमच्याकडे दोन वेगळे अर्ज करायला सांगितले असते.

घासून_पुसून

दुकानातल्या पाटीचं मान्य. माझ्या ओळखीच्या दुकानदाराने सांगितलं होतं म्हणून लिहिलं. तरी म्हणतो, पहिल्यांदा दुकानदाराला तोंडी सांगून बघायला हवं होतं. थेट निरीक्षक कशाला?

नदीकाठचा

सांगितलं होतं की. तेव्हाच तर तो म्हणाला, पेटी काय खायची आहे का.

टेबलापलीकडून

थोडा बेसूर लावतो, राग मानू नका. मी काउंटरच्या आत बसून वर्षं काढली आहेत. आमच्याकडे असे एक गृहस्थ यायचे. दारात त्यांची पिशवी दिसली की पाचही जणांना अचानक आतल्या खोलीत काम निघायचं, आणि सापडायचा तो नवीन लागलेला. तुमच्या बर्फीच्या गोष्टीत पेटी रचणारा पोऱ्या आहे ना, आप्पा गेल्यावर मालकाने कोणाला झापलं असेल? पद्धत मालकाची, बोलणी पोऱ्याला. सगळे हसतील तेव्हा तेही कुठेतरी असावं असं मला वाटतं. नाहीतर तक्रारदार म्हणजे नेहमीच शहाणा आणि समोरचा नेहमीच लबाड, असं होतं.

कोथरूडकरीण

मुद्दा पटतो, पण निरोपाच्या जेवणात? माणूस निवृत्त होतोय, चौकशी समिती बसलेली नाही.

आवकजावक

मला पटतो आणि जागाही दिसते. उणिवेच्या परिच्छेदात प्लंबरनंतर घालता येईल: 'तक्रारीचा रोख व तक्रार ऐकणारी व्यक्ती एकच असेलच असे नाही, ही बाब श्री. आप्पा यांच्या निदर्शनास आणून देण्यात आली असता, त्यांनी सदर बाब लेखी मागितली आहे.' टोचेल, पण चिडवल्यासारखं वाटणार नाही.

टेबलापलीकडून

'लेखी मागितली आहे' यावर हसलो. तरी माझं म्हणणं कायम.

नदीकाठचा

हे वाक्य ठेवू की नको, ठरत नाहीये. आप्पाला लागेल का? तो दुसऱ्यांना धारेवर धरतो, पण स्वतःच्या बाबतीत हळवा आहे. कट्ट्यावर दोन तट पडलेत. एक म्हणतो, वहिनींना आधी दाखवा. दुसरा म्हणतो, वहिनींना दाखवलं तर १५० शब्दांचा परिच्छेद त्या स्वतः वाढवतील आणि जेवण थंड होईल.

कोथरूडकरीण

वहिनींना दाखवाच. घरातल्याबद्दल जाहीर वाचायचं तर विचारून. त्यांना तेच वाक्य सगळ्यात जास्त आवडेल अशी माझी पैज.

पर्वतीपायथा

आवकजावक साहेब, अर्ज दिला. सचिव पोच द्यायला तयार नव्हते, मी टपालाचं नाव काढल्यावर दिली. इतिवृत्त "शोधतो" म्हणाले. म्हणजे 'बघू' च्या एक पायरी वर आलो असं समजायचं का?

आवकजावक

हो. पोचेची झेरॉक्स काढून ठेवा. शाई उडते.

नदीकाठचा

शेवटचं विचारतो. पत्र खरं वाटावं म्हणून वर मध्यभागी तीन सिंहांची मुद्रा छापून घ्यायचा विचार होता. खाली गोल शिक्का. एक मित्र प्रेसवाला आहे, तो करून देतो म्हणतोय.

आवकजावक

मुद्रा अजिबात नको. राजमुद्रेच्या गैरवापराला बंदी घालणारा २००५ चा कायदा आहे, आणि गंमत होती हे त्याला उत्तर होत नाही. कुठल्याही खऱ्या कार्यालयाचं नावही शिरोभागी नको. कोणीतरी फोटो काढून पुढे पाठवणार, आणि तिसऱ्या गटात ते खरं म्हणून फिरणार.

मुद्रेची गरजही नाही. डाव्या बाजूला चार बोटं समास सोडा, कागद दोनदा घडी घातलेला असू द्या, आणि टाचणी लावा, स्टेपल नको. वर 'जा.क्र.' लिहून पुढची जागा मोकळी ठेवा. शिक्का मारायचाच तर नुसता 'आवक' लिहिलेला, तारीख हाताने, थोडा वाकडा.

प्रत पाठवण्याच्या ओळीतही दुरुस्ती आहे. वरिष्ठांना प्रत 'सविनय सादर' होते, कनिष्ठांना 'रवाना'. आप्पांना कुठली, ते तुम्ही ठरवा. वहिनींना मात्र 'सविनय सादर'.